आईसाठी वृद्धाश्रमाला पत्र : रात्री जागे कोण असते, ते विचारा

पहाटे चारची वेळ. वरठीच्या रेल्वे स्टेशनवर, म्हणजे पाटीवर ज्याचे नाव भंडारा रोड आहे त्या स्टेशनवर, चहावाल्याला बाकावर एक म्हातारी बसलेली दिसली. पायात चप्पल नव्हती. ओच्यात वर्तमानपत्राचे तुकडे होते आणि ती एकेक तुकडा बोटांत धरून विडीसारखा वळत होती. चहावाल्याने विचारले, "माय, कुठं जाची हायेस?" ती म्हणाली, "मले घरी जाची हाय." तिचे घर स्टेशनपासून दहा मिनिटांच्या वाटेवर होते. त्याच घरात ती पन्नास वर्षे राहिली होती.

ही माउली आपल्याच वस्तीतली. वय ७४. उमेदीच्या काळात भंडारा-गोंदियाच्या हजारो बायांसारख्या तिनेही विड्या वळल्या आणि त्यावर तीन लेकरे शिकवली. थोरला मुलगा कारखान्यात ठेकेदाराकडे पाळीवर कामाला, सून घर सांभाळून शिवणकाम करते, मुलगी नागपूरला, धाकटा पुण्याला. मी निवृत्त परिचारिका आहे, म्हणून त्या घरातले लोक माझ्याकडे आले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आईला डिमेन्शिया आहे हे त्यांना तीन वर्षांपासून माहीत होते. विसराळूपणा वाढत वाढत रोजची कामेही जमेनाशी होतात, तो हा मेंदूचा आजार. मराठीत त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. तो वेड नाही, करणी नाही आणि म्हातारपणाचा हट्टही नाही. देशभरातल्या वृद्धांची तपासणी करून २०२३ मध्ये जो अंदाज निघाला, त्यानुसार साठीच्या पुढच्या शंभरांत सातांहून अधिक लोकांना तो आहे. पुरुषांपेक्षा बायांत आणि शहरापेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण जास्त आहे.

स्टेशनच्या प्रसंगानंतर घरात भांडण झाले. रेल्वेचे रूळ जवळ, मुलाला रात्रपाळी, सून एकटी. दार लावले तर आई दारावर डोके आपटते, उघडे ठेवले तर निघून जाते. शेवटी वृद्धाश्रम पाहायचे ठरले आणि मुलाने एका ठिकाणी पत्र पाठवले. त्यात चारच ओळी होत्या : आईचे वय ७४, विसरण्याचा आजार आहे, स्वभाव शांत आहे, प्रवेश मिळेल का आणि महिन्याचा खर्च किती?

उत्तर लगेच आले. जागा आहे, घेऊन या. नवव्या दिवशी फोन आला : तुमची आई रात्रभर फिरते, दुसऱ्यांच्या खाटेवर जाऊन बसते, आंघोळ घालताना बाईला चावली. आजच्या आज घेऊन जा.

मुलाला त्या आश्रमाचा राग आला. तो मी समजू शकते. पण मी त्याला म्हटले, तू शांत स्वभाव लिहिलास, रात्र लिहिली नाहीस. त्यांनीही विचारले नाही, हा त्यांचा दोष. आजार लपवला तर प्रवेश मिळेल असे आपल्याला वाटते आणि तो मिळतोही. पण नऊ दिवसांत अनोळखी जागा, अनोळखी माणसे आणि पुन्हा परत, ही सगळी ओढाताण आईच्या वाट्याला येते. ती परत आली तेव्हा सुनेला ओळखत नव्हती.

दुसरे पत्र लिहिण्याआधी आम्ही एक काम केले. परत आल्यावर आई दिवसभर गुंगीत पडून राहायची आणि रात्री भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडायची. घरच्यांना वाटले, आजार वाढला. पण डिमेन्शिया असा दोन-चार दिवसांत वाढत नाही, तो महिन्या-महिन्याने वाढतो. एकाएकी बिघाड झाला तर बहुतेक वेळा मागे दुसरे कारण असते : लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, पोट गच्च होणे, पाणी कमी पडणे, साखर किंवा सोडियम खाली-वर होणे, किंवा नवीन सुरू केलेली गोळी. जिल्हा रुग्णालयात तपासले तर लघवीत संसर्ग निघाला. औषधाच्या पाचव्या दिवशी मुंग्या गेल्या आणि दिवसाची झोपही कमी झाली. म्हणून लक्षात ठेवा, एकदम बिघडलेल्या माणसासाठी आधी दवाखाना, नंतर आश्रमाची चौकशी. नाहीतर पत्रात तुम्ही जे लिहाल ते त्या आठवड्याच्या संसर्गाचे वर्णन होईल, तुमच्या आईचे नाही. ज्यांचे निदानच झालेले नाही त्यांनी डॉक्टरांना थायरॉइड आणि बी-१२ या रक्ततपासण्यांबद्दलही विचारावे, कारण त्यांच्या कमतरतेनेही माणूस विसरायला लागतो आणि त्यावर उपचार आहे.

मग मी सुनेला एक वही दिली. तीन दिवस, तीन रात्री, जे घडेल ते वेळेसह लिहायचे. कधी उठली, कधी लघवीला गेली, किती वेळ जेवली, कधी चिडली, चिडण्याआधी काय झाले होते. सून म्हणाली, "ताई, मी हे रोजच पाहतो, लिहाची काय गरज?" पण लिहिल्यावर तिलाच नवे कळले. आई रात्री सरासरी तीनदा उठते आणि त्यातल्या दोन वेळा तिला लघवीला जायचे असते. मोरी कुठे ते आठवत नाही म्हणून ती दार शोधते, आणि जे दार सापडते ते बाहेरचे असते. म्हणजे ती पळून जात नव्हती, मोरी शोधत होती. दुसरी गोष्ट, चिडचिड दुपारी साडेचार ते साडेसातच्या दरम्यानच होते. या आजारात दिवे लागण्याच्या वेळेला अशी घालमेल अनेकांना होते. तिसरी, आंघोळीला ती नाही म्हणते ती पाणी डोक्यावरून ओतले तरच. पायापासून सुरुवात केली तर मुकाट बसते.

या वहीवरून मुलीने दुसरे पत्र लिहिले. ते इथे देते. आपापल्या घराप्रमाणे बदल करून कुणालाही वापरता येईल.

"मा. व्यवस्थापक यांना,

सविनय जय भीम. आमची आई, वय ७४, राहणार वरठी, जिल्हा भंडारा, हिला तीन वर्षांपासून डिमेन्शिया आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आणि अलीकडचे रिपोर्ट सोबत जोडले आहेत. तिला तुमच्याकडे कायम राहण्यासाठी प्रवेश मिळू शकेल का, याची चौकशी करत आहोत. तिची खरी स्थिती लिहितो, म्हणजे तुम्हाला झेपेल की नाही हे आधीच ठरवता येईल.

चालणे : आधाराशिवाय चालते. सहा महिन्यांत दोनदा पडली, दोन्ही वेळा रात्री. हाड मोडले नाही.

रात्र : साधारण तीनदा उठते. दोनदा लघवीसाठी. कुणी हात धरून मोरीपर्यंत नेले आणि परत झोपवले तर झोपते. यात दर वेळी पंधरा-वीस मिनिटे जातात. कुणी नेले नाही तर बाहेरचे दार शोधते. एकदा पहाटे रेल्वे स्टेशनपर्यंत गेली होती.

दिवसा लघवी-संडास : दर अडीच तासांनी आठवण दिली आणि नेले तर कपडे ओले होत नाहीत. स्वतःहून सांगत नाही. दिवसा डायपर लागत नाही.

जेवण : स्वतःच्या हाताने जेवते, पण चाळीस मिनिटे लागतात. मध्येच विसरून हात धुवायला उठते. बाजूला कुणी बसून 'घास घ्या' म्हटले तर ताट संपवते. पाणी पिताना अलीकडे ठसका लागतो. मऊ भात, लाखोरीचे वरण, मासळी आवडते. वजन ४६ किलो.

आंघोळ : फक्त बाईनेच घालावी. पाणी पायापासून सुरू करावे. डोक्यावरून एकदम ओतले तर घाबरते, मारते, एकदा चावलीही आहे.

संध्याकाळ : साडेचार ते साडेसात घालमेल होते. घरी जायचे म्हणते. 'हेच तुझे घर' असे समजावले तर जास्त चिडते. हातात कागदाचे तुकडे दिले तर विडी वळल्यासारखे वळत बसते आणि शांत होते.

भाषा : आमच्याकडची बोली बोलते. हिंदी समजते, बोलत नाही. ऐकायला चांगले येते. डाव्या डोळ्याने कमी दिसते.

आवड : त्रिसरण-पंचशील अजून पूर्ण म्हणते, एक शब्द चुकत नाही. सकाळी वंदना झाली की दिवस बरा जातो. उशाशी बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवायला हवा.

औषधे : रक्तदाबाची एक गोळी सकाळी, डिमेन्शियाची एक गोळी रात्री. नावे चिठ्ठीत आहेत. गोळी हातात दिली तर गालात धरून नंतर थुंकते, म्हणून गिळेपर्यंत थांबावे लागते.

आम्हाला विचारायचे आहे :

१. आता तुमच्याकडे किती वृद्ध आहेत, त्यांतल्या किती जणांना डिमेन्शिया आहे आणि किती जण अंथरुणाला खिळलेले आहेत?

२. सकाळ, दुपार आणि रात्र, प्रत्येक पाळीत प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या बाया किती असतात? स्वयंपाकी, झाडलोट करणारे आणि चौकीदार सोडून सांगावे.

३. रात्रीची बाई जागी असते की वृद्धांच्याच खोलीत झोपते? ती एकाला मोरीत घेऊन गेली तर बाकीच्यांकडे कोण पाहते?

४. शिकलेली नर्स किती तास हजर असते? रात्री काही झाले तर कोण येते आणि किती वेळात?

५. सेवा करणाऱ्या बायांना डिमेन्शियाचे शिक्षण कुणी दिले? सर्वांत जुनी बाई किती वर्षांपासून आहे? गेल्या वर्षात किती सोडून गेल्या?

६. कुणी खूप चिडले तर तुम्ही काय करता? खाटेला बांधता का? झोपेच्या किंवा शांत करण्याच्या गोळ्या देता का, त्या कोण लिहून देतो आणि आम्हाला आधी कळवता का?

७. मांसाहार चालतो का? आमची वंदना आणि फोटो चालतील का?

८. कोणत्या स्थितीत तुम्ही वृद्धाला परत पाठवता? किती दिवस आधी सांगता?

९. महिन्याच्या रकमेत काय येते आणि काय वेगळे घेता? अनामत रक्कम परत मिळण्याचे नियम काय?

उत्तर लेखी मिळाल्यास उपकार होतील. दोन्ही भाऊ आणि मी मिळून निर्णय घेणार आहोत. फोन माझ्याकडे करावा."

पत्र कुठे पाठवायचे, हाही प्रश्न होताच. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये लिहिले आहे की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान दीडशे जणांचे निवास टप्प्याटप्प्याने उभारू शकते. 'शकते' हा शब्द नीट वाचा, त्यातच सगळे आले. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत डिमेन्शिया झालेल्या किमान वीस वृद्धांसाठी निवास चालवणाऱ्या संस्थांना अनुदान आहे. आपल्या भागात अशी अनुदानित जागा आहे का, हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारावे. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे, तिथेही चौकशी होते. पण एक ध्यानात असू द्या : बहुतेक साधे वृद्धाश्रम, सरकारी असोत की संस्थेचे, स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्या वृद्धांसाठी असतात. तिथे वाईट लोक असतात असे नाही. तिथे रात्री जागे राहायला माणूसच नेमलेला नसतो.

मुलीने पाच ठिकाणी पत्र पाठवले. दोघांनी स्पष्ट नाही म्हटले. मला ते आवडले, कारण त्यांनी आईचे नऊ दिवस वाचवले. एकाने उत्तरच दिले नाही. उरली दोन उत्तरे.

पहिल्याचे उत्तर गोड होते. २४ वृद्ध आहेत, ८ बाया आहेत, म्हणजे तिघांमागे एक बाई. महिन्याला १२ हजार. धाकटा मुलगा पुण्याहून म्हणाला, इथेच टाकू. मी म्हटले, थांबा, आधी हिशेब करू. विड्यांचे कट्टे मोजणाऱ्या बाईची ही लेकरे, हिशेबाला घाबरायचे कारण नाही.

आठ बाया आठवड्यात प्रत्येकी सहा दिवस काम करतात, एक दिवस सुट्टी. म्हणजे आठवड्यात ४८ पाळ्या भरतात. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या २१. अठ्ठेचाळीस भागिले एकवीस म्हणजे दोनपेक्षा थोडे जास्त. म्हणजे 'तिघांमागे एक' ही गोष्ट फक्त कागदावर. प्रत्यक्षात कोणत्याही क्षणी २४ वृद्धांमागे दोनच बाया असतात. सकाळी आंघोळी आणि न्याहारीची धांदल असते, म्हणून तेव्हा तीन ठेवल्या तर रात्री एकच उरते. मुलीने फोन करून विचारले, रात्री किती? उत्तर आले, एक बाई आणि गेटवर चौकीदार. नर्स दहा ते पाच येते.

आता ती एक रात्र पाहा. समजा २४ पैकी ९ जणांना रात्री दोनदा मोरीला न्यावे लागते, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे. नऊ दुणे अठरा, अठरा वेळा पंधरा मिनिटे म्हणजे साडेचार तास. रात्रीचे साडेचार तास ती बाई मोरीत असते आणि तेवढा वेळ बाकी तेवीस जणांजवळ कुणीच नसते. अशा ठिकाणी मग काय होते ते मी नोकरीत पाहिले आहे. संध्याकाळी सगळ्यांना डायपर लावतात, म्हणजे रात्री उठवावे लागत नाही. जे तरीही उठतात त्यांना झोपेची गोळी मिळते, आणि गोळीनेही न झोपणाऱ्याचा हात ओढणीने खाटेला बांधला जातो. बाई दुष्ट नसते, ती एकटी असते. पण आपली आई दिवसा आठवण दिली की कोरडी राहते. तिला रोज रात्री डायपर लावला आणि नेणे बंद केले, तर काही आठवड्यांत तिची ती सवय जाते आणि मग दिवसाही कायमचा डायपर लागतो. गेलेली सवय या आजारात सहसा परत येत नाही.

गोळ्यांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. चिडचिड आणि भास यांसाठी मनोविकाराची जी औषधे देतात, ती डिमेन्शिया झालेल्या वृद्धांत लकवा, पडणे आणि मृत्यू यांचा धोका वाढवतात. हे वीसेक वर्षांपासून माहीत आहे. म्हणून ती कधीच द्यायची नाहीत असे नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर डॉक्टर कमी प्रमाणात, थोड्या दिवसांसाठी देतात आणि पुन्हा तपासतात. पण व्यवस्थापकाने स्वतःच्या मर्जीने द्यायची ही गोष्ट नाही. पत्रातला सहावा प्रश्न त्यासाठीच आहे. त्यावर पहिल्या आश्रमाचे उत्तर होते : 'आम्ही योग्य ती काळजी घेतो.' प्रश्न हो की नाही असा होता.

दुसऱ्या ठिकाणचे उत्तर कोरडे होते पण नेमके. १६ वृद्ध, त्यांत ११ जणांना डिमेन्शिया. सेवा करणाऱ्या ११ बाया. सकाळी चार, दुपारी तीन, रात्री दोन, दोघीही जाग्या, एक बाहेरच्या दाराजवळ बसते. नर्स आवारातच राहते. तोच हिशेब लावला. अकरा सक म्हणजे ६६ पाळ्या. चार, तीन आणि दोन मिळून रोज नऊ, आठवड्याच्या ६३. तीन पाळ्या शिल्लक. म्हणजे आकडे जुळतात, पण एकाच आठवड्यात दोघी आजारी पडल्या तर ओढाताण होणार. मुलीने हेच विचारले. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "हो, दिवाळीत आणि धानाच्या कापणीत आम्हाला त्रास होतो, तेव्हा मी स्वतः रात्री बसते." हे उत्तर मला पटले. आमच्याकडे कधीच अडचण येत नाही म्हणणाऱ्यापेक्षा अडचण कधी येते हे सांगणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवते. बांधता का, यावर उत्तर होते नाही. मांसाहार आठवड्यातून दोनदा अंडी, एकदा मासळी. फोटो आणि वंदना चालेल, मात्र पहाटे पाचला मोठ्याने नको, इतर झोपलेले असतात. परत पाठवण्याबाबत लिहिले होते : नळीने अन्न द्यावे लागले किंवा सतत ऑक्सिजन लागला तर ठेवता येणार नाही, महिनाभर आधी सांगू. रक्कम महिन्याला २२ हजार, डायपर आणि औषधे वेगळी.

मांसाहार आणि फोटोचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तो सोडू नका. धार्मिक संस्थांनी चालवलेल्या कितीतरी आश्रमांत फक्त शाकाहार असतो आणि संध्याकाळी सगळ्यांना भजनाला बसवतात. त्यांचे ते बरोबर असेल. पण कालचे जेवण विसरलेल्या बाईला साठ वर्षांपूर्वीची चव आणि लहानपणीची वंदना आठवते, आणि तेवढ्यावरच तिला वाटते की आपण आपल्या माणसांत आहोत. नवयान स्वीकारलेल्या घरातली आई आयुष्याच्या शेवटी कोणत्या फोटोसमोर झोपेल, हे आश्रमाने परस्पर ठरवू नये.

कागदावरच्या उत्तरावर थांबायचे नाही. मी त्यांना सांगितले, सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळेच आश्रम छान दिसतात. संध्याकाळी सहाला जा. त्याच वेळी घालमेल सुरू होते आणि पाळी बदलते. मुलगी आणि सून गेल्या. सुनेने तिथे पाहिले ते मला सांगितले : एक आजोबा दर दोन मिनिटांनी बस किती वाजता विचारत होते, आणि बाई दर वेळी "येतेच आता, तोवर चहा घ्या" म्हणत होती, आवाज न चढवता. मोरीच्या दारावर मोठे चित्र होते आणि आत जायच्या वाटेवर रात्रीचा दिवा. वास होता का, असे मी विचारले. थोडा फिनाइलचा होता, लघवीचा नव्हता. वृद्धांच्या मनगटांवर ओरखडे किंवा वळ नव्हते. सात वाजता किती जण झोपेत होते? दोन. सोळापैकी दहा-बारा जण सातलाच गाढ झोपलेले दिसले असते, तर गोळ्यांची वही पाहायला मागा असे मी सांगितले होते.

पैशाचे काय? आईला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार मिळतात. थोरल्याने ९ हजार, मुलीने ६ हजार, धाकट्याने साडेपाच हजार असे ठरले आणि ते एका कागदावर लिहून तिघांनी सह्या केल्या. तोंडी ठरलेले चार महिन्यांत मोडते. सगळ्यांना हे परवडणार नाही, हे मला माहीत आहे. ज्यांना जमत नाही त्यांनीही ती तीन दिवसांची वही लिहावी. कारण तिच्यातूनच या घराला कळले की मोरीच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवला, रात्री अकराला आणि अडीचला आपणच उठवून नेले आणि बाहेरच्या दाराला वर, नजरेच्या पलीकडे, कडी आणि घुंगरू लावले, तर निम्म्या रात्री शांत जातात. आश्रम ठरेपर्यंतचे दोन महिने त्यांनी असेच काढले. सूनबाईला आठवड्यातून तीन रात्री सलग झोप मिळू लागली. वस्तीतली एखादी बाई पैसे देऊन रात्रीपुरती ठेवायची असेल तरी हेच पत्र तिला वाचून दाखवा, प्रश्नांचा भाग सोडून.

प्रवेशाच्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, ती सांगते. आश्रमाच्या कागदांवर आईचा अंगठा हवा होता. मुलीने प्रत्येक कागद वाचून, तारीख घालून, स्वतःची सही साक्षीदार म्हणून केली आणि कोऱ्या जागांवर रेघा मारल्या. घराचा आणि बँकेचा कागद त्यात नाही ना, हे पाहिले. ज्याला आपण काय सही करतो ते कळत नाही, त्याचा अंगठा कुठे कुठे लागतो यावर लेकरांचीच नजर हवी. दागिने नेले नाहीत. नेले ते पाच साध्या पातळांचे गाठोडे, त्यांत पौर्णिमेचे पांढरे एक, सगळ्यांवर धाग्याने नाव शिवलेले. आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यांची एक पिशवी.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. ती रडली, जेवण कमी झाले, सुनेला "तू मले इथं काहून सोडलीस" म्हणाली. हे बहुतेकांचे होते, आणि म्हणून पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, दर वेळी वेगळ्या वेळी जावे असे ठरवले होते. गेल्यावर तीन गोष्टी पाहायच्या : वजन, कंबर आणि टाचांची कातडी लाल तर नाही, आणि ती जागी आहे की गुंगीत. पहिल्या महिन्याच्या शेवटी वजन ४४.५ किलो भरले. मुलीने भांडण केले नाही. तिने पत्राची प्रत काढली, जेवणाच्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, जेवताना हिच्या बाजूला कोण बसते? कळले की वीस मिनिटांनी सगळी ताटे एकदम उचलतात. आईला चाळीस लागतात.

दुपारच्या बाईला ती ओळ वाचून दाखवली. तिसऱ्या महिन्यात वजन ४५.५ झाले. आता तिचे ताट सगळ्यांच्या शेवटी उचलतात.